अजून घरीच

आयटीआय झालेल्या पोराला नोकरी लागायला किती महिने लागतात, हा प्रश्न शेगावात कुणीही कुणालाही सहज विचारतो. मुलीचा बाप विचारतो, पोराचा मामा विचारतो, कर्ज देणारा तर आधीच विचारतो. मीही विचारतो, पण वहीत लिहून घेण्यासाठी. संख्याशास्त्र शिकवणं हा माझा पेशा. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन अशा ट्रेडच्या पोरांचा निकालानंतर पाठपुरावा करायचा, हा त्याला जोडून लागलेला नाद. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही पोरं महाराष्ट्र एक्सप्रेस धरून पुण्याकडे जातात आणि चाकणच्या एखाद्या ठेकेदाराकडे लागतात. काही वाळूजला जातात, काही बुटीबोरीला. उरलेल्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं असतं: "काई नाई सर, घरीच हाव."

या "घरीच हाव"चं करायचं काय, यातच आमच्या शास्त्राचा अर्धा जीव अडकलेला आहे. ज्याला नोकरी लागली त्याच्या बेकारीची लांबी कळते. जो अजून घरी आहे त्याच्याबद्दल एवढंच कळतं की लांबी निदान इतकी आहे, पुढची अजून घडायची आहे. अशा नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात. तिला कोरी समजून फेकणारे पुष्कळ भेटतात. "डेटा अपूर्ण होता, म्हणून वगळला," असं अहवालात एक वाक्य टाकलं की त्यांचं काम भागतं.

आकड्यांत शिरण्याआधी दोन तारखांचं बोललं पाहिजे, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. बेकारी सुरू कधी झाली? मी निकालाचा दिवस धरतो, पण पोराच्या लेखी ती परीक्षा संपल्यापासूनच सुरू झालेली असते. मध्येच दोन महिने कुठे काम केलं असेल तर नवी सुरुवात शोधावी लागते. "किती महिने झाले?" असं थेट विचारलं तर उत्तर सहा किंवा बारा येतं. पाच किंवा अकरा कुणी म्हणत नाही. मग आलेखात सहाव्या आणि बाराव्या महिन्यावर उंच सुळके उभे राहतात आणि नवखा अभ्यासक त्यांच्यामागे कारणं हुडकत बसतो. म्हणून मी महिने विचारतच नाही. "महाराजांची पालखी पंढरपूरला निघाली तेव्हा कामावर होतास का? पोळ्याला? ऋषिपंचमीच्या गर्दीत?" असं विचारतो. पालखी कधी निघाली हे शेगावात सांगावं लागत नाही, आणि त्या खुणेवरून पोरगा पंधरवड्यापर्यंत नेमका येतो.

दुसरी तारीख संपण्याची. सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत मागच्या सात दिवसांत कुठल्याही दिवशी तासभर काम केलं तरी माणूस कामावर धरतात, आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणंही कामच असतं. देशाचा एका आठवड्याचा फोटो काढायला तो नियम ठीक आहे. पण दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की आमचा वायरमन बापाच्या वावरात वेचणीला जातो. त्या नियमाने त्याची बेकारी तिथे संपते आणि वेचणी उरकली की नव्याने सुरू होते. एका लांब बेकारीचे असे दोन आखूड तुकडे होतात. मी वेचणीने बेकारी तोडत नाही. ट्रेडचं किंवा महिन्याच्या पगाराचं काम लागलं तरच ती संपली असं धरतो. अप्रेंटिसशिप मिळाली तर ती बाहेर पडण्याची वेगळी वाट म्हणून वेगळ्या आकड्याने लिहितो. दुसऱ्या कुणी दुसरा नियम करावा, त्याला माझी हरकत नाही. पण तो पहिल्या पानावर लिहावा.

आता हिशेब. खऱ्या पोरांची वही इथे उघडत नाही, दहा पोरं कल्पू. वर्षभर त्यांचा माग ठेवला. दोघांना दुसऱ्या महिन्यात नोकरी लागली, एकाला तिसऱ्या, एकाला पाचव्या, एकाला आठव्या. एकाचा फोन चौथ्या महिन्यानंतर बंद झाला, आणखी एकाचा सातव्यानंतर. तिघे बाराव्या महिन्यातही घरीच.

अपुऱ्या नोंदी फेकणारा माणूस नोकरी लागलेल्या पाचांचीच सरासरी काढतो. 2, 2, 3, 5 आणि 8 यांची बेरीज 20, म्हणून उत्तर चार महिने. दुसरा जरा दयाळू असतो. तो सगळ्यांना घेतो, पण फोन बंद झाला किंवा वर्ष संपलं त्या दिवशी बेकारीही संपली असं मानतो. एकूण 67 महिने भागिले दहा, म्हणजे 6.7. दोन्ही उत्तरं कमीच येणार, कारण जे जास्त दिवस बसले त्यांनाच दोघांनी कापलं.

तिसरी रीत लांबी मोजत नाही, वेग मोजते. या दहा जणांनी मिळून 67 महिने बेकारीत काढले आणि तेवढ्यात पाच नोकऱ्या लागल्या. पाच भागिले 67 म्हणजे दर महिन्याला साधारण साडेसात टक्के. अजून बेकार असलेल्याला येत्या महिन्यात नोकरी लागण्याचा हा दर, यालाच हॅझर्ड म्हणतात. घरी बसलेल्या पोराने यात आपले महिने खाली छेदात टाकले आणि वर अंशात काहीच टाकलं नाही. त्याच्याकडून मिळण्यासारखं जे होतं ते पुरतं वापरलं गेलं. हा दर कायम राहिला तर सरासरी बेकारी 67 भागिले पाच, म्हणजे 13.4 महिने निघते. तीच दहा पोरं, आणि चाराचे तेराच्या वर गेले.

"कायम राहिला तर" हे शब्द मात्र खटकले पाहिजेत. म्हणून कॅप्लान आणि मायर यांच्या रीतीने पायरीपायरीने उतरावं. ज्या महिन्यात कुणाला नोकरी लागली, त्या महिन्यात अजून किती जण बेकार म्हणून आपल्या नजरेसमोर होते, एवढंच बघायचं. दुसऱ्या महिन्यात दहातले दोघे गेले, शिल्लक 80 टक्के. तिसऱ्यात आठातला एक, शिल्लक 70. पाचव्या महिन्यात समोर सहाच आहेत, कारण चौथ्यानंतर फोन बंद झालेला आता मोजता येत नाही. सहातला एक गेला, शिल्लक 58. आठव्यात चारातला एक, शिल्लक सुमारे 44. तेव्हा निम्मी पोरं नोकरीला लागायला आठ महिने लागले. एडवर्ड कॅप्लान बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत समुद्राखालच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात हे बघत होता आणि पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचं आयुष्य. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख धाडले, संपादकाने एकत्र लिहा म्हणून सांगितलं, आणि 1958 साली जोडलेख छापून आला. आमची वायरमन पोरं त्याच सूत्रात बसतात.

या रीतीला एक अट आहे आणि ती फोनवर अवलंबून आहे. ज्याचा माग सुटला तो उरलेल्या बेकारांसारखाच असावा, त्याचा माग सुटण्याचा नोकरीशी संबंध नसावा. आमच्याकडे ही अट हमखास मोडते. पोरगा पुण्याला गेला की सिम बदलतो, म्हणजे फोन बंद होणं हीच नोकरीची खबर असू शकते. किंवा उलट, शरमेने फोन उचलत नाही. अशा वेळी मी दोन्ही टोकं काढून बघतो. ते दोघे फोन बंद झाल्या दिवशीच नोकरीला लागले असं धरलं तर वर्षाअखेर 30 टक्के बेकार उरतात. दोघे वर्षभर घरीच होते असं धरलं तर 50. आपलं 44 या दोन टोकांच्या मध्ये आहे. अंतर फार वाटलं तर सूत्र घासत बसण्यापेक्षा पोराच्या आईचा नंबर मिळवावा. आया सिम बदलत नाहीत.

माग कुठून धरला यानेही चित्र बदलतं. जानेवारीत स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या पोरांना गाठून विचारलं, तर तिथे लांब बेकारीवालेच जास्त भेटणार. ज्यांना पटकन लागली ते टपरीवर नाहीतच. अशा पोराला भेटीच्या दिवसापासून मोजणीत घ्यायचं. आधीचे महिने छेदात टाकायचे नाहीत, कारण त्या महिन्यांत त्याला नोकरी लागली असती तर तो आपल्याला दिसलाच नसता. आर या संगणकप्रणालीत एक रकाना वाढतो, एवढंच:

```
library(survival)
survfit(Surv(bhet, shevat, lagli) ~ 1, data = pora)
```

`bhet` म्हणजे निकालापासून कितव्या महिन्यात भेटला, `shevat` म्हणजे शेवटची खबर कितव्या महिन्यातली, आणि `lagli` मध्ये नोकरी लागली तर 1, नाही तर 0.

पुन्हा आपल्या दहा पोरांकडे. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी मिळून 28 महिने काढले आणि तीन नोकऱ्या लागल्या, दर पावणेअकरा टक्के. पुढच्या 39 महिन्यांत दोनच, दर पाच टक्के. दर निम्म्यावर आला. इथे गावातली सगळी शहाणी माणसं एकाच सुरात बोलतात: पोरगं बसलं की बिघडतं, हात विसरतो, कंपनीवाला सर्टिफिकेटवरची जुनी तारीख बघून नाक मुरडतो. हे खरंही असेल. पण घसरता दर हा त्याचा पुरावा होत नाही.

शंभर पोरं घ्या. साठ चलाख, दर महिन्याला नोकरी लागण्याची शक्यता 30 टक्के. चाळीस अडलेले, पाच टक्के. कुणाचं घर सोडवत नाही, कुणाला मुलाखतीत तोंड उघडत नाही. कुणाचीही शक्यता महिन्यागणिक कमी होत नाही असं समजा. पहिल्या महिन्यात अठरा आणि दोन असे वीस लागतात, दर 20 टक्के. सहा महिन्यांनी चलाखांतले सातच उरतात, अडलेल्यांतले 29. सातव्या महिन्यात या 36 जणांतून जेमतेम साडेतीन लागतात, दर दहा टक्क्यांच्या आत. कुणीही बिघडलं नाही. चाळणीतून बारीक पडून गेलं आणि जाड वर राहिलं. टोनी लँकेस्टरने 1979 साली ब्रिटनमधल्या बेकारांवर लिहिलं तेव्हा त्याला हेच दिसलं: माणसामाणसांतला फरक जसजसा सूत्रात घातला, तसतशी दराची घसरण सौम्य होत गेली.

कुठलं कारण किती, हे एका बेकारीवरून सुटत नाही. वय, ट्रेड, गुण हे सूत्रात घालता येतात. घर सोडायची तयारी वहीत लिहिता येत नाही. म्हणून हल्ली मी ठेकेदाराकडून परत आलेल्यांच्या मागे लागतो. काम सुटलं की पोरगं पुन्हा शेगावात, पुन्हा घरी, पुन्हा शोधात. अशा पोराच्या दोन-तीन बेकाऱ्या हाती येतात, आणि स्वभाव, घर, गाव तिन्हींत तेच असतं. त्याची तुलना मग त्याच्याशीच करता येते: पहिली बेकारी लांबली म्हणून दुसरीतही त्याला नोकरी उशिरा लागली का, की दोन्ही वेळा तो मुळातच सावकाश होता? त्यातही पाचर आहे. परत येतात ते ज्यांची नोकरी टिकली नाही तेच, चाकणला रुळलेले माझ्या वहीत दुसऱ्यांदा येत नाहीत. आणि परत आल्यावर पोरं पहिल्या वेळेसारखं मोकळं बोलत नाहीत. पालखी कधी निघाली ते नीट सांगतात, ठेकेदाराने काम कुठल्या तारखेला सोडवलं हे विचारलं की विषय बदलतात. ती तारीख मी आता पगाराचा शेवटचा मेसेज दाखवायला सांगून घेतो.