कराराची मुदत संपताना

आमच्या मुदखेडच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने असतात. जंक्शनमुळे रेल्वेची माणसे येतात, बदली झाली की जातात. गेल्या खेपेचे कुटुंबही तसेच. 1 एप्रिल ते 28 फेब्रुवारी असा 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, भाडे 4,500 रुपये, अनामत 10,000.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांची बीवी खाली आली. "आपा, मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये आहे. बदलीचा हुकूम आलाय, पण आता त्याला हलवायचं कसं? महिन्याच्या महिन्याला भाडं देत राहू, थोडे दिवस राहू द्या."

मागणी रास्त होती. पण माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी 15 एप्रिलला माहेरी येणार होती आणि त्याच खोल्या तिला द्यायच्या होत्या. म्हणून मला "थोडे दिवस" हा शब्द खटकला. त्याला शेवट नसतो.

वकिलाकडे गेल्यावर नेमकी अडचण समजली. मुदत संपल्यावर कागद न करता भाडे घेत राहिले, तर समोरचा आता महिन्यामहिन्याचा भाडेकरू झाला, असा वाद निघू शकतो. मग मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तरी जागा सुटली नाही तर कोर्ट गाठावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जिथे लागू आहे, तिथे कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट रकमेची भरपाई लागू शकते.

म्हणून जुना करार संपण्याआधीच आम्ही 1 मार्च ते 10 एप्रिल असा छोटा करार करून नोंदवला. मार्चचे पूर्ण भाडे 4,500. एप्रिलच्या दहा दिवसांचे, रोजचे 150 प्रमाणे, 1,500. त्यानंतर राहिल्यास रोज 300. अनामत भाड्यात वळती करायची नाही, हेही लिहिले, कारण ती संपली की मोडतोड आणि लाइट बिलासाठी हातात काही उरत नाही. जाण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरचा आकडा टिपायचा, किल्ली घ्यायची आणि अनामत परत द्यायची, असे ठरले.

या कागदाने त्यांनाही आधार मिळाला. 10 एप्रिलच्या आधी मी त्यांना उठवू शकत नव्हते. मुलगा निर्धास्तपणे पेपर लिहू शकला.

9 एप्रिलला सामान टेम्पोत चढले. लाइट बिलाचे 640 रुपये वजा करून 9,360 रुपये मी त्यांच्या हातात दिले आणि पावतीवर सही घेतली. दुसऱ्या दिवशी माडीवर चुना मारणारा आला.