ऐनवेळचा विषय

सहकारी संस्थेच्या सभेची नोटीस तुम्ही पाहिली असेल. दूध डेअरीच्या भिंतीवर, सोसायटीच्या लिफ्टशेजारी किंवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिरका काढलेला फोटो. आपण तारीख बघतो, जेवण आहे का ते बघतो आणि पुढे सरकतो. 2024 पर्यंत मीही तेच करत होते. मग मामांच्या दूध संस्थेची नोटीस आणि ठराव इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं, आणि ती दोन पानं मला शब्दन् शब्द वाचावी लागली.

संस्था कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातली. 212 सभासद, मामा अध्यक्ष. संध्याकाळचं दूध टँकर येईपर्यंत तापतं आणि कधीकधी नासतं, म्हणून गावातच ते 4 अंशांपर्यंत थंड करणारा बल्क मिल्क कूलर बसवायचा होता. त्यासाठी बंगळुरूची एक वित्तसंस्था कमी व्याजाने 9 लाख रुपये द्यायला तयार झाली. त्यांच्याकडे मराठी वाचणारं कुणी नव्हतं. त्यांनी 2024 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आणि ठराव मागितले, मूळ प्रत आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही. मी पुण्यात कोड लिहिते, म्हणजे मला इंग्रजी येतं, असा घरच्यांचा हिशोब.

पहिली अडचण क्रियापदांची होती. विषय क्रमांक 1, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. विषय 2, ‘अहवाल, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक यांस मंजुरी देणे’. विषय 5, ‘लेखापरीक्षण अहवालाची नोंद घेणे’. घाईत तिन्हींना ‘अप्रूव्ह’ लिहून मोकळं होता येतं, पण या तीन वेगळ्या कृती आहेत. ‘कायम करणे’ म्हणजे मागच्या वेळी जे ठरलं ते बरोबर लिहिलं गेलंय एवढं मान्य करणं. ते ‘कन्फर्म’. तो निर्णय आज पुन्हा घेतला जात नाही. ‘मंजुरी’ म्हणजे सभेने आपला अधिकार वापरणं. ते खरं ‘अप्रूव्ह’. आणि ‘नोंद घेणे’ म्हणजे फक्त ‘नोट’. लेखापरीक्षकाने काढलेले दोष सभेने पाहिले. सभा ते मंजूर किंवा नामंजूर करत नाही. तिथे ‘अप्रूव्ह’ लिहिलं असतं, तर सभासदांनी लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांवर मतदान केलं असा अर्थ निघाला असता.

पैसे देणारा ज्या शब्दाशी हमखास थांबतो तो आहे ‘बाकी’. अहवालात एका ओळीत होतं, ‘सभासदांकडून पशुखाद्य येणे बाकी 4,18,000’ आणि खालच्या ओळीत ‘पैकी थकबाकी 36,000’. संस्था पशुखाद्य उधारीवर देते आणि दर दहा दिवसांच्या दूध बिलातून ते पैसे कापून घेते. म्हणजे कुठल्याही तारखेला चार-पाच लाख येणे दिसणारच. तो रोजचा धंदा आहे. थकबाकी म्हणजे मुदत उलटूनही न आलेले पैसे. दोन्हींना ‘ड्यूज’ लिहिलं की बंगळुरूच्या माणसाला वाटणार, या गावात चार लाख बुडालेत. मी पहिल्याला ‘आउटस्टँडिंग’ आणि दुसऱ्याला ‘ओव्हरड्यू’ लिहिलं, आणि दहा दिवसांच्या बिलाची पद्धत तळटिपेत सांगितली.

इथवर सगळं शब्दांचं होतं. खरा पेच ठराव क्रमांक 9 मध्ये होता, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच ठरावात.

मूळ मजकूर असा:

‘संस्थेच्या दूध संकलन केंद्रावर बल्क मिल्क कूलर बसवण्यासाठी बाहेरील कर्ज उभारण्यास ही सभा मंजुरी देत आहे. पुढील सर्व अधिकार मा. संचालक मंडळास देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. मराठीत हे वाचताना काहीही खटकत नाही. सगळ्या संस्थांचे ठराव असेच असतात. इंग्रजीत बसवायला घेतलं की एकेक प्रश्न उभा राहतो. किती कर्ज? कुणाकडून? किती वर्षांत फेडायचं? तारण काय? सही कोण करणार? मूळ ठरावात यातलं काहीच नाही. ‘पुढील सर्व अधिकार’ या तीन शब्दांवर सगळं सोडलेलं.

मला उत्तरं माहीत होती. 9 लाख, पाच वर्षं, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या. प्रस्तावाच्या पत्रात सगळं होतं. ते ठरावाच्या इंग्रजीत घातलं असतं तर वाक्य छान पूर्ण झालं असतं. पण मग ते सभेने न केलेल्या ठरावाचं भाषांतर झालं असतं. मी ठराव होता तसाच उतरवला आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून लिहिलं, की रक्कम, मुदत आणि सही करणाऱ्यांची नावं मूळ ठरावात नाहीत.

मग क्रमांकाकडे लक्ष गेलं. नोटिशीत विषय 9 होता, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे’. म्हणजे कर्जाचा विषय नोटिशीत नव्हताच. यात लबाडी नव्हती. नोटीस 9 ऑगस्टला निघाली आणि कूलरचं कोटेशन त्यानंतर आलं. 25 ऑगस्टला सभा होती, म्हणून तिथेच विषय घेतला. ‘ऐनवेळचे विषय’ हे शीर्षक आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात अभिनंदनाचा ठरावही बसतो आणि 9 लाखांचं कर्जही.

त्यात नोटिशीच्या शेवटी बारीक अक्षरात टीप असते, कुणीही न वाचलेली: ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. मात्र विषयपत्रिकेवरील विषयांव्यतिरिक्त अन्य विषय घेतला जाणार नाही.’

संस्थेच्या पोटनियमांप्रमाणे गणपूर्ती एक पंचमांश, म्हणजे 212 मध्ये 43. इतिवृत्तात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की 11 वाजता 37 सभासद हजर होते, म्हणून सभा तहकूब करून 11.30 ला पुन्हा सुरू केली. तेव्हा 61 जण होते. माणसं आली, पण सभा तहकूबच राहिली आणि तिला टिपेतलं शेवटचं वाक्य लागू झालं. तीन तुकडे तीन ठिकाणी होते: टीप नोटिशीत, 37 चा आकडा इतिवृत्ताच्या सुरुवातीला, कर्ज ठरावाच्या शेवटी. मराठीत ते वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदतात. भाषांतर करताना ते एका फाइलमध्ये, एकाखाली एक आले आणि दिसलं, की संस्थेने स्वतःच्याच नोटिशीत जे करणार नाही म्हटलं होतं, तेच केलंय.

मी मामांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “आगं, मग इंग्रजीत सातव्यात बसीव की त्याला.” सातवा विषय 2024-25 च्या अंदाजपत्रकाला मंजुरीचा होता.

“मामा, अंदाजपत्रकात कूलर आहे का?”

“न्हाई.”

“मग कसं बसवू? आणि मूळ प्रतही त्यांच्याकडे जाणार आहे. कुणाकडून तरी वाचून घेतीलच.”

मामा चिडले. आपल्या घरचीच पोरगी आडवी येते, असं त्यांना वाटलं असणार. संध्याकाळी सचिव काकांचा फोन आला. त्यांनी निम्मं आयुष्य प्रोसिडिंग लिहिण्यात घालवलंय. ते शांतपणे म्हणाले, “उद्या एखाद्या सभासदानं सहायक निबंधकांकडं तक्रार केली, तर पहिल्यांदा प्रोसिडिंगच मागतील. इंग्रजी कोण बघणार? अध्यक्षांस्नी मी सांगतो.”

आमच्या क्षेत्रात लॉग फाइल नावाची गोष्ट असते. सिस्टीममध्ये काय घडलं ते तिच्यात ओळीने लिहिलं जातं. चूक झाली तरी जुनी ओळ खोडायची नसते, दुरुस्तीची नवी ओळ खाली जोडायची. प्रोसिडिंग बुक तसंच आहे. ठराव कच्चा असेल तर त्यावर उपाय एकच, पुढचा ठराव.

तेच झालं. 12 सप्टेंबरला संचालक मंडळाने विशेष सर्वसाधारण सभा बोलवायचं ठरवलं. पोटनियमांत नोटिशीसाठी 14 पूर्ण दिवस आहेत. ‘पूर्ण’ म्हणजे नोटीस निघाल्याचा आणि सभेचा, दोन्ही दिवस सोडून. 13 ला नोटीस निघाली आणि रविवार, 29 सप्टेंबर ही तारीख धरली. पितृपक्षात सभा नको, अशी कुरबुर झाली. पण दिवाळीनंतर म्हशीचं दूध वाढतं, त्याआधी कूलर लागायला हवा होता. नोटिशीवर यावेळी एकच विषय होता आणि त्यात वित्तसंस्थेचं नाव, 9 लाखांची कमाल मर्यादा, पाच वर्षांची मुदत, कूलरचंच तारण आणि सही करणारे दोन पदाधिकारी, सगळं लिहिलं होतं. मजकूर काकांनी लिहिला. मी फक्त बंगळुरूची प्रश्नांची यादी मराठीत करून दिली होती.

80 सभासद आले. चर्चा दीड तास चालली, कारण या वेळी चर्चा करण्याजोगं काहीतरी कागदावर होतं. एका आजींनी विचारलं, हप्ता थकला तर आमच्या दूध बिलातून कापणार का? ऑगस्टमध्ये हा प्रश्न कुणालाच सुचणं शक्य नव्हतं. मामांनी उत्तर दिलं आणि तेही ठरावात गेलं: कर्जाचा हप्ता संस्थेच्या उत्पन्नातून, सभासदांच्या बिलातून कपात नाही. तरी सहा जणांनी विरोधात हात वर केले.

दुसऱ्या दिवशी काकांनी ठरावाचा फोटो पाठवला. शेवटच्या ओळीत सवयीने ‘सर्वानु’पर्यंत लिहून, सरळ रेघ मारून, शेजारी सही करून त्यांनी पुढे लिहिलं होतं, ‘बहुमताने मंजूर. बाजूने 74, विरोधात 6.’ इंग्रजी करताना या ठरावाला माझी एकही टीप लागली नाही.