शेवटची पंगत

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक वही परवा कपाटात सापडली. पुढून ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या नोट्स आणि मागून डायरी. शेवटच्या पानावर हे लिहिलंय: 'पहिली पंगत 12:50. प्रत्येकी 24 पानं. जेवण 35 मिनिटं, उष्टी काढून पुन्हा पानं मांडायला 10. एकूण माणसं 110. म्हणजे पाच पंगती. शेवटची 3:50 ला.' खाली पेन दाबून लिहिलेला एकच शब्द आहे: आई.

2018 चा फेब्रुवारी होता. धाकट्या काकांनी गावाकडे, सांगली जिल्ह्यात, नवं घर बांधलं होतं आणि त्याची वास्तुशांत होती. सबमिशन बुडवून मी आदल्या रात्री पोचलो. चुलत बहीणही आली होती, तीही तिसऱ्याच वर्षाला. तिने बॅग ठेवली न ठेवली तोच आतून हाक आली, "अगं, लसूण सोलायला बस." मला कुणीच हाक मारली नाही. मी लायटिंगच्या माळा लावल्या, माईकची वायर जोडली आणि सकाळी काकांच्या मित्राबरोबर टेम्पोतून बर्फ आणला. काम केलं नाही असं म्हणता येणार नाही. मांडव, पाण्याचा टँकर, खुर्च्या, पत्रावळ्या, सगळं पुरुषांनीच केलं. पण आमचं काम बारा वाजता संपलं. बायकांचं काम पंगत बसल्यावर खरं सुरू झालं, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत ते संपणार नव्हतं. हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. त्याआधी वीस वर्षं मी प्रत्येक कार्यात पहिल्या नाहीतर दुसऱ्या पंगतीला जेवत आलो होतो.

सकाळी पूजेला काका-काकू बसले. काका संकल्प सोडत होते आणि काकू त्यांच्या उजव्या हाताला आपली बोटं लावून बसली होती. गुरुजी दर थोड्या वेळाने म्हणायचे, "वहिनी, हात लावा." घराच्या हप्त्यातला अर्धा वाटा काकूच्या पगारातून जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बहिणीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी हसलो आणि विसरून गेलो.

मागच्या अंगणात आचारी होता. बुंदी, मसालेभात, आमटी त्याच्याकडे, आणि नैवेद्याचा स्वयंपाक घरातल्या बायकांकडे. आई मधली सून, म्हणून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. नैवेद्य होईपर्यंत काही चाखायचंही नाही, म्हणून सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा.

आता मुद्द्याचं. आईला डायबेटिस आहे. थोरल्या काकांना, म्हणजे आप्पांनाही आहे. पहिली पानं मांडली तेव्हा आईच म्हणाली, "आप्पांना आधी बसवा, त्यांना साखर आहे, वेळेवर जेवायला लागतं." आप्पा बसले. त्यांच्या शेजारच्या पानावर मी बसलो. आईने मला दोनदा बुंदी वाढली. तिने सकाळी आठला तिची गोळी घेतलीय आणि त्यावर काहीच खाल्लं नाहीये, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिच्या गोळीची गंमत अशी की पोटात अन्न येणार असं धरून ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. अन्न आलं नाही तरी इन्सुलिन सुटतंच.

तीनच्या सुमाराला चौथी पंगत बसत होती. आई आमटीची बादली घेऊन रांगेतून जात होती. मी खांबाला टेकून मोबाईल बघत होतो. बादली आपटल्याचा आवाज आला. आई खाली बसली होती, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते. "दमली," कुणीतरी म्हणालं. "ऊन लागलं असेल." कुणी पंखा हलवला, कुणी कांदा आणायला धावलं. आतेवहिनी नर्स आहे. तिने विचारलं, "मामी जेवल्यात का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

ग्लुकोमीटर आप्पांच्या पिशवीत होता. आकडा आला 54. सत्तरच्या खाली गेलं की साखर कमी झाली असं धरतात. वहिनीने पाण्यात चार चमचे साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं आणि मग भात खायला लावला. आईला घास गिळण्यापेक्षा आमटी सांडल्याचं जास्त वाईट वाटत होतं. "शेवटच्या पंगतीला पुरेल का रे?" असं तिने मलाच विचारलं. आमटी पुरवली गेली, अर्थात. पाणी घालून, नेहमीसारखी.

एकच आजार, एकच घर, आणि जेवणाची वेळ सांभाळायची फक्त एकाची. शिवाय ती सांभाळली दुसरीने. आप्पांचा यात काही दोष होता असं मला वाटत नाही. ते वाईटही नाहीत. त्या संध्याकाळी ते बराच वेळ आईशेजारी गप्प बसून होते.

रात्री मी ती पंगतींची आकडेमोड केली. त्याच आठवड्यात आम्हाला स्टार्व्हेशन शिकवलं होतं. प्रोसेसर आधी जास्त प्रायॉरिटीची कामं घेतो, ती येतच राहतात, आणि कमी प्रायॉरिटीचं काम रांगेत तसंच उपाशी पडून राहतं. त्यावरचा उपाय म्हणजे एजिंग: जो जितका थांबला तितकी त्याची प्रायॉरिटी वाढवत जायची. आमच्या मांडवात उलटं होतं. जी जास्त थांबली तिला "आता थोडंच राहिलंय" म्हणून आणखी थांबवलं जात होतं. गणित सोपं होतं. 96 माणसं चार पंगतीत जेवतात आणि उरलेल्या 14 जणी पाचवीत. त्या 14 वाढणाऱ्याच होत्या, कारण वाढपी बदलतच नव्हते. पहिल्या पंगतीतले दहा जण उठून दुसरीला वाढायला लागले असते, तर कुणालाच दुसरीच्या पुढे उपाशी राहायची गरज नव्हती, निदान वाढण्यापायी तरी.

हे मी कुणाला सांगितलं नाही. वहीत लिहिलं आणि परीक्षेला लागलो.

सांगितलं ते गेल्या वर्षी, आप्पांच्या पंचाहत्तरीला, त्याच घरात. बहिणीने आणि मी मिळून आधीच जाहीर केलं की पहिल्या पंगतीतून उठणाऱ्या तरण्या पोरांनी दुसरीला वाढायचं, आणि दुसरीत स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका बसतील. फार गोंधळ झाला, खरं सांगायचं तर. आम्हा पोरांना मीठ पानाच्या कुठल्या बाजूला वाढतात तेही ठाऊक नव्हतं. एका भावाने मसालेभात असा सढळ हाताने वाढला की तिसऱ्या पंगतीला खडखडाट, मग आचाऱ्याकडून पुन्हा टाकून घ्यावा लागला. दोन आत्या बसायलाच तयार नव्हत्या. "आम्हाला घास उतरणार नाही रे, माणसं खोळंबलीत." एक शेवटपर्यंत बसली नाही.

आई पावणेदोनला बसली. बसल्या बसल्या तिची नजर रांगेवरून फिरत होती. कुणाचा लिंबू राहिला, कुणाला पाणी नाही. दोनदा अर्धवट उठली, दोन्ही वेळा बहिणीने खांदा दाबून खाली बसवलं. मी आमटीची बादली घेऊन तिच्यासमोर आलो आणि वाटीत वाफाळती आमटी ओतली. तिने भुरका मारला, थांबली, पुन्हा एक मारला.

"अरे," ती म्हणाली, "ही एवढी तिखट असते होय?"