विन्याचं भूत

आज पोरांना गागोद्याच्या विन्याची गोष्ट सांगितली. म्हणजे आपले विनोबा भावे, जन्म इथलाच, १८९५ चा. लहानपणी भुताला भारी घाबरायचे. एका रात्री भिंतीवर हा एवढा काळा माणूस! (इथे मी मुद्दाम थांबते.) विन्याने आईकडे धूम ठोकली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, अरे, तो तर तुझा गुलाम. तू बसलास की बसेल, उठलास की उठेल. करून बघ. झालं, भुताची उठाबस सुरू!

दिव्याच्या जितकं जवळ जावं, तितकी सावली मोठी. पण आईने हे समजावत न बसता सावलीलाच कामाला लावलं. मला हेच आवडतं.

धाकट्याने लगेच विचारलं, “दिवा विझवल्यावर गुलाम कुठे झोपतो?”