अहिंसेला जोडलेले शेपूट

वाचकहो, ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ हे गीतावचन म्हणून तुम्हीही ऐकले असेल. गीतेच्या पोथीमागची शब्दसूची उघडा. ‘अहिंसा’ शब्द १०, १३, १६ आणि १७ या अध्यायांत एकेकदाच येतो, आणि तिथे हे वचन नाही. मग महाभारत पाहा. पूर्वार्ध तिथे सापडतो: आदिपर्वात डुंडुभ सर्प रुरूला तो सांगतो, अनुशासनपर्वात मांस वर्ज्य करण्याविषयी बोलताना भीष्म युधिष्ठिराला. भीष्म पुढे अहिंसेचीच थोरवी सांगत राहतात. उत्तरार्ध त्यांचा नव्हे. आणि हिंसेला परवाना मिळतो तो नेमका त्या जोडातून! माउलींनी तेराव्या अध्यायात याच एका शब्दावर ओव्यांमागून ओव्या घातल्या, त्यांत पायाखाली जीव येईल म्हणून जपून चालणारा माणूस आहे.