सगळ्यांचं ठरलंय म्हणे

मे महिन्यातल्या एका रविवारी गावच्या घरी, मामांच्या आणि दोन चुलत्यांच्या समोर, दादानं आमच्या ग्रुपवरच्या संभाषणाची छापील पानं सतरंजीवर ठेवली आणि म्हणाला, "हे बघा. सगळ्यांचं लेखी ठरलंय. आता सह्याच राहिल्यात." पानं तीन होती. दुसऱ्या पानावर पिवळ्या मार्करनं एक ओळ रंगवलेली. ताईचं नाव, १९ मार्च, रात्री ९ वाजून ३१ मिनिटं, आणि पुढे एकच शब्द: "चालेल". त्याच्या बरोबर वर, ९ वाजून १४ मिनिटांचा दादाचा वाटणीचा मेसेज.

मामांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली. ताईचा चेहरा उतरला. तिला आपण असं काही लिहिल्याचं आठवत नव्हतं, पण कागदावर तर तिचंच नाव होतं. ती काही बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं मला आजही टोचतं.

आम्ही चौघं भावंडं. दादा, ताई, मी आणि धाकटा, ज्याला चाळिशीतही आम्ही छोटूच म्हणतो. अण्णा दिवाळीनंतर गेले. मृत्युपत्र नाही. मागे कराडजवळच्या गावची ४ एकर १० गुंठे जमीन, गावातलं घर आणि साताऱ्यातला एक फ्लॅट. सगळं अण्णांनी नोकरीत असताना स्वतः घेतलेलं. आई आहे. दहाव्यालाच दादानं ग्रुप काढला, त्याला "आपलं घर" नाव दिलं. त्यात आम्ही चौघंच. आईकडे साधा बटणांचा फोन.

त्या रविवारी सह्या झाल्या नाहीत, कारण मी म्हटलं की मला हक्कसोडपत्राचा मसुदा घरी नेऊन वाचायचाय. वहिनी म्हणाल्या, "वाचायचं काय त्यात, तुम्हीच तर हो म्हणालात." मी खरंच हो म्हणाले होते का, हे मला सांगता येईना. नोव्हेंबरपासून शेकडो मेसेज झाले होते. त्यात सुप्रभात, नातवंडांचे फोटो, पतसंस्थेच्या पावत्या, वर्षश्राद्धाची चर्चा, सगळं एकत्र.

पुण्याला परत आल्यावर रात्री जेवणं उरकून एक दोनशे पानी वही घेऊन बसले. रकाने आखले: कोण, कधी, नेमके शब्द, आणि कशाला उत्तर म्हणून. हा चौथा रकाना मी सहज आखला होता, पण सगळं त्यातूनच उलगडलं.

मार्चपर्यंत वर सरकत गेले. १९ तारीख आली. ताईचं "चालेल" माझ्या फोनवर नुसतं नव्हतंच. त्याच्या डोक्यावर करड्या रंगाची छोटी चौकट होती, कुणाच्या मेसेजला बोट सरकवून उत्तर दिलं की येते ती. त्या चौकटीत दादाचा मेसेज नव्हता. छोटूचा होता, ८ वाजून ४० मिनिटांचा: "रविवारी ११ वाजता आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतोय, चालेल ना सगळ्यांना?"

म्हणजे ताई आईच्या डोळ्यांच्या तपासणीला "चालेल" म्हणाली होती. कागदावर ते जमिनीचं झालं.

मी तीनदा वाचलं. मग मुलाला उठवलं. त्यानं फोनवरून तेच संभाषण "Export chat" करून दाखवलं. जी साध्या मजकुराची फाइल निघाली, तिच्यात तारीख, वेळ, नाव आणि शब्द एवढंच होतं. कोणता मेसेज कुणाला उत्तर म्हणून आहे, ती चौकट त्यात येतच नाही. ओळी एकाखाली एक पडतात, आणि वाचणारा वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी संबंध लावतो. दादानं काही कापलं नव्हतं, काही घुसडलं नव्हतं. कॅफेत जाऊन जे निघालं ते त्यानं छापून आणलं. पण त्यानं मार्कर मारला. त्याच्या फोनवर ती चौकट होती ना? त्यानं ती पाहिली नसेल का? या प्रश्नावर माझी आठवडाभर झोप गेली.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "दादाचा मेसेज वाचला होता गं मी. काय लिहावं सुचेना. म्हणून गप्प बसले." वाचल्याच्या निळ्या खुणा होत्याच. दादानं त्या निळ्या खुणा आणि ते "चालेल" मिळून होकार धरला असणार. पण वाचणं म्हणजे मान्य करणं नव्हे.

आपल्या बोलण्यातच ही गोची आहे. "चालेल" म्हणताना काय चालेल हे आपण कधी बोलत नाही. "बघू" म्हणजे बहुधा नाही. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणणाऱ्याच्या मनात काहीतरी वेगळं असतंच. आणि "माझं काही म्हणणं नाही" हा तर बायकांनी माहेरी उच्चारायचा ठरलेला मंत्र. माहेर तुटू नये म्हणून म्हणायचा. मी वहीत तो चार वेळा लिहून काढला, दोनदा ताईचा, दोनदा माझा. एकदाही त्यात जमिनीचा, घराचा, फ्लॅटचा उल्लेख नव्हता. समोर बसून बोलताना चेहरा दिसतो, आवाज कळतो. लेखी झालं की शब्द उरतो आणि तो कुणीही कुठेही चिकटवू शकतो.

वही भरत गेली तसं आणखी दिसलं. दादाचे प्रस्ताव एक नव्हे, दोन होते. ३ मार्चचा: जमीन दोघा भावांना, फ्लॅट विकून पैसे दोघी बहिणींना, घर आईच्या नावावर. १९ मार्चचा: जमीन आणि घर दोघा भावांना, आई त्यांच्याकडे राहील, फ्लॅट विकून पैसे चौघांत. छोटूनं दुसऱ्याला होकार दिला होता, पण लिहिलं होतं, "हो, पण विहिरीच्या पाण्याची पाळी आधी लिहून ठरवू." त्या "पण"ला कुणीच उत्तर दिलेलं नाही. जमीन निम्मी निम्मी ८५ गुंठे होईल, पण विहीर दादाच्या बाजूला जाते. छोटूच्या मते त्यानं अटीवर होकार दिला, दादाच्या मते होकार दिला. दोघंही खरं बोलतायत.

आणि मसुद्यात तर तिसरंच काही. बहिणी तीनही मिळकतींतला आपला हक्क, हिस्सा "कोणताही मोबदला न घेता" दोघा भावांच्या लाभात सोडत आहेत. फ्लॅटच्या पैशांचा उल्लेखच नाही. ते पैसे फक्त ग्रुपवर. वकिलांनी छापील नमुना भरला असेल, दादाचं तसं काही मनात नसेल, तरी सही केल्यावर काय उरणार? हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलं की झालं. नंतर "मला वेगळं वाटलं होतं" म्हणून ते घरबसल्या मागे घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. वारस नोंद वेगळी. तलाठ्याकडे अर्ज देऊन सात-बाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात, त्यानं वाटणी होत नाही की कुणाचा हक्क जात नाही. मी एप्रिलमध्ये "ठीक आहे दादा, कागद पाठवते" लिहिलं ते त्या नोंदीसाठी, आधारच्या झेरॉक्सबद्दल. तेही दादाच्या पानांवर होतं.

पण सगळ्यात उशिरा लक्षात आलं ते सगळ्यात मोठं. आम्ही सहा महिने चारनं भागत होतो. अण्णांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे वारस पाच: आई आणि आम्ही चौघं, सारखे. ४ एकर १० गुंठे म्हणजे १७० गुंठे, प्रत्येकी ३४. (मुलींना हे २००५ च्या कायद्यानं मिळालं असं गावात सगळे म्हणतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दलची. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे.) आईच्या संमतीबद्दल सहा महिन्यांत एकच वाक्य सापडलं, दादाचं: "आईला विचारलंय, ती हो म्हणाली." कशाला हो म्हणाली, ते नाही. आम्ही तिघांनी विचारलंही नाही. यात मी दादाला दोष देऊ शकत नाही.

पुढच्या शनिवारी गेले आणि आईशेजारी बसून दोन्ही प्रस्ताव सावकाश वाचून दाखवले. पहिल्यावर ती म्हणाली, "बरं आहे." दुसऱ्यावर बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे घर माझं नाही राहणार?" तिला कुणी तसं सांगितलंच नव्हतं. तिनं हो म्हटलं होतं ते "पोरं जमीन करतायत, बरं आहे ना" या प्रश्नाला.

ज्यांच्याकडे असं चाललंय त्यांना मी एवढंच सांगेन: अंगठे आणि "चालेल" यांवर कुणाचाही होकार मोजू नका. ज्याचा होकार हवा त्याला स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा, कोणती मिळकत, कुणाला, किती आणि कोणत्या अटीवर. दोघांची वाक्यं जुळली नाहीत तर ठरलेलं नाही. आणि जो ग्रुपवर नाही त्याच्यासमोर जाऊन बसा.

हे सगळं मी रागानंच सुरू केलं होतं. दादाला खोटं पाडायचं होतं. पण वहीसाठी मेसेज वाचताना डिसेंबरही वाचावा लागला. अण्णांच्या शेवटच्या आजारपणाची रुग्णालयाची बिलं, पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते, पहाटे पाच-सहाला दादानं टाकलेले फोटो. "आणखी साठ हजार भरले." खाली कुणाचंच काही नाही. माझंही नाही. त्याला आमची शांतता तेव्हाही होकारच वाटली असेल, तू कर, आमचं काही म्हणणं नाही. त्यानं केलं. मग मार्चमध्ये त्यानं ती शांतता तशीच वाचली तर नवल काय? हे कळूनही सही करावीशी वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, मला त्याचं काही करता येत नाही.

जूनमध्ये वही घेऊन दादाकडे गेले. ताईची चौकट त्याला त्याच्याच फोनवर दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. "मला खरंच वाटलं ती जमिनीला म्हणाली," एवढंच बोलला. मी विश्वास ठेवला. घरी येताना एसटीत पुन्हा शंका आली.

त्याच भेटीत मला त्याला आणखी एक दाखवावं लागलं, जे मी लपवू शकले असते. ३ मार्चच्या पहिल्या प्रस्तावावर, मेसेजच्या खालच्या कोपऱ्यात, माझा अंगठा आहे. मेसेजवर दिलेले असे अंगठेही त्या फाइलीत येत नाहीत, म्हणून दादाच्या छापील पानांवर तो नव्हता. म्हणजे ताईनं न दिलेला होकार कागदावर होता, आणि मी खरोखर दिलेला होकार कागदावर नव्हता. जमीन भावांना, घर आईला. त्या दिवशी मला ते खरंच मान्य होतं. आज ३४ गुंठ्यांचा हिशोब कळल्यावर मान्य आहे का, ते माहीत नाही.

वारस नोंद झाली. सात-बाऱ्यावर पाच नावं आली आहेत, पहिलं आईचं. हक्कसोडपत्राचा मसुदा दादाच्या कपाटात आहे. तो अंगठा बोट ठेवून काढता येतो, मुलानं दाखवलंय. मी अजून काढलेला नाही.