प्रमुख पाहुण्यांचें गाणें

सभासंमेलनांच्या व्यवहारांत ‘प्रमुख पाहुणे’ या पदाइतकें संदिग्ध पद दुसरें क्वचितच सांपडेल. एखाद्या कादंबरीकारास त्या पदावर बोलाविलें तर त्यानें चार शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा असते. व्यासपीठावर बसून एक प्रकरण लिहून दाखवा, असें त्यास कोणी म्हणत नाहीं. गवयाचें मात्र तसें नाहीं. दीपप्रज्वलन होतें, शाल-श्रीफळ होतें, भाषणही आटोपतें, आणि मग सभागृहाच्या मागच्या बाजूनें कोणीतरी पुकारतो, ‘एखादी चीज होऊन जाऊं द्या!’ लगेच टाळ्यांचा कडकडाट होतो. या टाळ्यांपुढें ‘नाहीं’ म्हणणें म्हातारपणीं फार जड जातें.

गडमुडशिंगी येथें आमच्या शेजारीं राहणारी एक मुलगी कोल्हापुरास महाविद्यालयांत शिकावयास जाते. तेथल्या संगीत मंडळाची ती यंदा चिटणीस आहे. मंडळाच्या वर्धापनदिनास पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका गायिकाबाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवावयाचें ठरलें, आणि निमंत्रणाच्या ई-मेलचा मसुदा घेऊन ती आमच्याकडे आली. ‘काका, एवढं वाचून बघा की. आज रात्रीच पाठवायचंय,’ ती म्हणाली.

मसुद्यांत शुद्धलेखनाचे दोष नव्हते. पहिले दोन परिच्छेद बाईंच्या थोरवीचे होते. तिसऱ्यांत दिवस, सकाळीं ११ ची वेळ व सभागृहाचें नांव होतें. शेवटीं एक वाक्य होतें: आपल्या सुरेल आवाजाचा लाभ विद्यार्थ्यांस व्हावा, ही नम्र विनंती. आम्हीं त्या वाक्याखालीं पेन्सिलीची रेघ ओढली व विचारलें, ‘बाईंनीं बोलावयाचें आहे कीं गावयाचें?’

ती जरा घुटमळली. मग तिनें प्रांजळपणें सांगितलें, ‘बोलवायचं पाहुण्या म्हणून. पण समोर बसल्यावर गातीलच की, असं आमच्या कमिटीत सगळे म्हणतात.’

सारें मर्म येथेंच आहे. पाहुण्यास प्रवासखर्च व शाल द्यावी लागते; गवयास बिदागी द्यावी लागते, आणि त्याच्या तबलजीस व पेटीवाल्यासही निराळें द्यावें लागतें. पाहुणा म्हणून बोलावून गाणें काढून घेतलें, म्हणजे मैफल शालीच्या किंमतींत पदरांत पडते. मुलांच्या मनांत हा हिशेब असतोच असें नाहीं. पण वाक्य संदिग्ध ठेवलें कीं तो आपोआप होतो.

पैशाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. वाढत्या वयांत स्त्रियांचा आवाज बहुधा खालीं उतरतो, दम तोकडा होतो, आणि तार सप्तकांतले स्वर पूर्वीसारखे हुकमी राहत नाहींत. ज्या बाई चाळिशींत काळी चारच्या षड्जांत गात, त्या आतां पांढरी चारमध्यें गात असतील. ऐकणारास हें कळणारही नाहीं. परंतु काळी चार ते पांढरी चार हें अंतर तीन स्वरांचें आहे, आणि महाविद्यालयाच्या कपाटांतला तबला मुलींच्या उंच सुरासाठीं घेतलेला असतो. गट्टे सैल करून तो एखादा स्वर खालीं येईल. तीन स्वर उतरविला तर पुडी ढिली पडून नाद बद्द होतो. त्या सुरासाठीं मोठ्या तोंडाचा दुसरा तबलाच आणावा लागतो, आणि तो ऐन वेळीं टाळ्या वाजत असतांना कोठून आणणार? तंबोऱ्याचेंही तेंच. त्याच्या तारा नव्या सुरास लावून जवारी खुलेपर्यंत सहज अर्धा तास जातो. सकाळीं ११ ला फर्माईश बहुधा मालकंसाची येते. तो राग उत्तररात्रीचा; शिवाय त्यांत पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून उतरवून मध्यमास लावावी लागते. न्याहरी करून, मोटारींत बसून, भाषण करून घसा कोरडा पडलेल्या वृद्ध बाईंनीं हें सारें दोन मिनिटांत कसें साधावें?

आमच्या या भागाला तर ही गोष्ट नवी नाहीं. देवल क्लब कोल्हापुरांत १८८३ सालीं निघाला; शाहू महाराजांच्या पदरीं असलेले अल्लादियाखाँ येथें वर्षानुवर्षें राहिले. तरुणपणीं माळव्यांत आमलेटा येथील दरबारीं सतत गावें लागल्यानें त्यांचा आवाज बसला होता. पुढें त्या बदललेल्या आवाजास शोभेल अशी गायकी त्यांनीं नव्यानें घडविली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, गाणें ऐन भरांत असतांनाच, जाहीर मैफली बंद केल्या. त्या १९७७ सालीं वारल्या. थांबावयाचें केव्हां, हेंही गवयानेंच ठरवावयाचें असतें. व्यासपीठावर बसलेल्या पाहुण्यांनीं तसा निश्चय केला आहे कीं नाहीं, हें टाळ्या पिटणारास ठाऊक नसतें. म्हणून तें पत्रांतच विचारून घ्यावें.

मुलीनें मग आणखी एक गोष्ट दाखविली. ई-मेलची प्रत प्राचार्यांना, दोन प्राध्यापकांना व कमिटीच्या अकरा जणांना जाणार होती. आम्ही म्हणालों, ‘बाईंना नकार द्यावयाचा असेल, तर तो चौदा जणांच्या देखत द्यावा लागेल. पहिलें पत्र त्यांना एकट्यांना जाऊं दे.’

तिनें तें मानलें. पण संदिग्ध वाक्य काढावयास ती सहजीं तयार होईना. कमिटीतल्या मुलांनीं जाहिरातीच्या फलकावर ‘गायन’ हा शब्द आधींच घातला होता. गाणें नाहीं म्हटलें तर गर्दी होणार नाहीं, आणि ठपका चिटणिसावर येणार. तिची अडचण खरी होती. आम्हीं तिला इतकेंच सांगितलें, कीं दोन्ही पत्रें लिहितां येतात, मात्र एकाच पत्रांत दोन्ही लिहितां येत नाहींत. गाणें हवें असेल तर बिदागी, साथीदार, बाईंचा सूर, गाण्याचा अवधि व ध्वनिमुद्रण होणार कीं काय, हें सारें लिहावें. पाहुण्या हव्या असतील तर गाण्याचा आग्रह होणार नाहीं, असें स्पष्ट लिहावें.

त्या रात्रीं कमिटींत बरीच वादावादी झाली असें कळलें. मंडळाची शिल्लक पाहतां मैफलीचा खर्च झेपणारा नव्हता, हें खजिनदारानें वही उघडून दाखविलें, तेव्हां वाद मिटला. फलक बदलला. पत्रांत शेवटलें वाक्य गेलें आणि त्या जागीं तीन साधीं वाक्यें आलीं: आपण आमचें गाणें ऐकावें व त्यावर दहा मिनिटें बोलावें, एवढीच विनंती आहे. आपणांस गाण्याचा आग्रह कोणीही करणार नाहीं, याची हमी मी चिटणीस या नात्यानें देतें. नेण्या-आणण्यास मोटार येईल, आणि येणें जमणार नसल्यास मला एकटीस दोन ओळी लिहाव्यात.

उत्तर चौथ्या दिवशीं आलें. बाईंनीं तें नातीकडून टंकून घेतलें होतें. त्या येणार होत्या. गाण्याविषयीं त्यांनीं एक अक्षरही लिहिलें नव्हतें. तंबोरा कोण लावतें, एवढी मात्र चौकशी होती. जो कोणी असेल त्याला सकाळीं १० वाजतां सभागृहांत बसवून ठेवावें, आपण तासभर आधीं येऊन त्याच्याजवळ बसूं, असें लिहिलें होतें.